नेहमीच्या पाहुण्याच्या घरी कुणी गेलं, तर लॉजमालकाने काय लिहावं

परळ, हिंदमाता, दादर या पट्ट्यात ज्यांचं पंधरा-वीस खोल्यांचं लॉज आहे, त्यांच्याकडे नेहमीचे पाहुणे दोन प्रकारचे असतात. एक माल घ्यायला येणारे व्यापारी आणि दुसरे उपचारांसाठी येणारे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून परळमध्ये आहे आणि तिथे राज्यातूनच नव्हे, देशभरातून माणसं येतात. बऱ्याच केमोंचं चक्र तीन आठवड्यांचं असतं. ते संपलं की काही महिन्यांनी तपासणीसाठी पुन्हा यावं लागतं. त्यामुळे एकच जोडपं दीड-दोन वर्षं आपल्या काउंटरवर येत राहतं. त्यांना कोणती खोली लागते, चहात साखर किती, पहाटे गरम पाणी किती वाजता, हे आपल्याला पाठ होतं. मग एक दिवस कळतं की त्यातलं एक माणूस गेलं.

अशा वेळी मालकाची जागा अवघड असते. आपण नातेवाईक नाही, शेजारी नाही आणि अगदी परकेही नाही. शिवाय आपण त्यांच्याकडून पैसे घेतलेले असतात. दुखवट्याचा निरोप याच जागेवरून लिहायचा असतो. बहुतेक निरोप बिघडतात ते एक तर नातेवाइकाचा आव आणल्याने किंवा दुकानदारासारखं लिहिल्याने. उपचारांसाठी येणाऱ्या पाहुण्याचं उदाहरण सर्वांत नाजूक असतं, म्हणून तेच घेऊन पुढे जातो. व्यापारी पाहुण्याच्या बाबतीत काम सोपं आहे, त्याबद्दल शेवटाकडे थोडं सांगेन.

समजा, जळगावकडचे एक गृहस्थ आहेत. काउंटरवर सगळे त्यांना अप्पा म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला काकू. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेचं दोघांचं बुकिंग आहे, दीड हजार ॲडव्हान्स जमा आहे, मागच्या मुक्कामाचे आठशे रुपये बाकी आहेत आणि जाताना राहिलेली कापडी पिशवी स्टोअरमध्ये आहे. त्यात रुग्णालयाची फाइल, थर्मास आणि काकूंच्या चपला आहेत. त्यांच्याच तालुक्यातला दुसरा एक पाहुणा चेक-इन करताना सांगतो, “अप्पांच्या घरचं कळलं का?”

बातमी पक्की करा

सांगणाऱ्याला तिथेच तीन गोष्टी विचारा: कोण गेलं, कधी आणि तुम्हाला कुठून कळलं. गावाकडे व्हॉट्सॲपवर “दुःखद निधन” असं लिहिलेलं, फोटो असलेलं कार्ड फिरतं, ते त्याच्याकडे असेल तर बघा. पण नीट वाचा. कार्ड बहुधा मुलाच्या नावाने असतं आणि त्यात “यांच्या मातोश्री” असं लिहिलेलं असतं. तो मुलगा अप्पांचा की त्यांच्या भावाचा, एवढ्यावर सगळं बदलतं. एका आडनावाची दहा घरं एकाच गावात असतात. फक्त प्रोफाइलचा फोटो बदललेला दिसला किंवा कुणाच्या स्टेटसला समई दिसली, एवढ्यावर काही लिहू नका.

खात्री करायला अप्पांनाच फोन करून “काकू कशा आहेत?” असं मात्र कधीही विचारू नका. बातमी खरी असेल, तर तो प्रश्न त्या माणसाला आयुष्यभर आठवत राहील. सांगणाऱ्याकडूनच आणखी एकाला विचारून घ्या. त्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल.

लिहिण्याआधी यंत्रं बंद करा

ही पायरी बहुतेक जण विसरतात. लॉजच्या व्हॉट्सॲप बिझनेस खात्यावर सणाच्या शुभेच्छांची ब्रॉडकास्ट यादी असते, त्यातून अप्पांचा नंबर आधी काढा. बुकिंगच्या सॉफ्टवेअरमधून मुक्कामाच्या दोन दिवस आधी “आपल्या स्वागतासाठी आम्ही उत्सुक आहोत” असा मेसेज आपोआप जात असेल, तर १४ तारखेचं बुकिंग थांबवल्याशिवाय तो थांबणार नाही. मागच्या मुक्कामाबद्दल “आम्हाला रेटिंग द्या” असा मेसेज रांगेत असेल, तर तोही काढा. बाकीच्या आठशे रुपयांची आठवण करून देणारा मेसेज असेल, तर तो सर्वांत आधी.

बिझनेस खात्याची आणखी एक खोच आहे. त्यातला स्वागताचा मेसेज चालू असेल, तर पहिल्यांदा लिहिणाऱ्याला तो जातोच, पण संभाषण चौदा दिवस बंद राहिल्यावर कुणी पुन्हा लिहिलं तरी आपोआप जातो. आता हिशोब करा. तुम्ही दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला. अप्पा दहावा-तेरावा उरकून, पाहुणे गेल्यावर, सतराव्या दिवशी “धन्यवाद भाऊ” असं लिहितात आणि त्यांना तत्काळ उत्तर मिळतं: “नमस्कार! आमच्या लॉजमध्ये आपलं स्वागत आहे. दर जाणून घेण्यासाठी १ दाबा.” म्हणून दुखवट्याचा निरोप लॉजच्या नंबरवरून पाठवूच नये. मालकाने आपल्या स्वतःच्या नंबरवरून पाठवावा. अप्पांकडे तो नंबर नसेल, तर खाली नाव आणि “दादरचा लॉज” एवढं लिहिलं की पुरतं. लोगो नको, पत्ता नको, गुगल मॅपची लिंक तर नकोच.

बुकिंग एखाद्या पोर्टलवरून आलेलं असेल, तर पोर्टलच्या ग्राहकसेवेला आपणच कळवावं आणि रद्द करण्याचं शुल्क माफ करायला सांगावं. पाहुण्याला त्या ॲपमध्ये शिरायला लावू नये.

केव्हा आणि कशाने

बातमी पक्की झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, लिखित निरोप. अंत्यविधीच्या वेळेत नको आणि रात्री उशिराही नको. दुपारी चारच्या पुढे घरात जरा शांतता असते. पहिल्या दिवसांत फोन करू नका. घरच्यांचे फोन चालू असतात आणि मुंबईच्या लॉजवाल्याशी काय बोलायचं हे ओझं त्या माणसावर पडतं. फार घरोबा असेल, तर तेराव्यानंतर आठवडाभराने फोन करा. समाचाराला जाणं ही नात्याची गोष्ट आहे. तेवढं नातं असेल तर तुम्हाला ते आधीच ठाऊक असतं.

व्हॉइस नोट पाठवू नये असं माझं मत आहे. सुतकाच्या घरात फोन एका हातात राहत नाही. पुतण्या उचलतो, जावई उचलतो आणि व्हॉइस नोट दहा जणांत स्पीकरवर वाजते. लिहिलेलं मात्र ज्याचं त्याला वाचता येतं.

हाच फोन इतरांच्या हाती असतो, म्हणून एक पथ्य कडक पाळा: निरोपात आजाराचं नाव लिहू नका, रुग्णालयाचंही नाही. कित्येक घरांत कॅन्सर आहे हे फक्त नवरा आणि थोरल्या मुलाला माहीत असतं. गावात “मुंबईला पोटाचं दाखवायला जातात” एवढंच सांगितलेलं असतं. आपल्या रजिस्टरवरून आपल्याला जे कळलं, ते आपल्याकडे मुक्कामापुरतं आलेलं असतं. तारखा, सोबत कोण आलं होतं, किती दिवस राहिले, यातलं काहीच निरोपात येऊ नये. व्यापारी पाहुण्यांच्या बाबतीत तर हे जास्तच सांभाळा. कोण कुठे उतरतो हे घरी सांगितलेलं असतंच असं नाही.

आता निरोप

आधी जो निरोप बहुतेक ठिकाणांहून जातो, तो बघू:

“आदरणीय महोदय, आपल्या पत्नीचे कर्करोगाशी झुंज देताना दुःखद निधन झाल्याचे समजून आमच्या संपूर्ण टीमला अतीव दुःख झाले. गेली दोन वर्षे आपण आमच्या लॉजवर विश्वास दाखवलात. त्या यातनांतून सुटल्या असेच म्हणावे लागेल. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. १४ तारखेचे बुकिंग रद्द करावयाचे असल्यास कळवावे. कोणतीही मदत लागल्यास निःसंकोच संपर्क साधा.”

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नाही. तरी बघा, आजार उघड झाला. ज्यांना दोन वर्षं अप्पा म्हटलं ते एकाएकी महोदय झाले. “विश्वास दाखवलात” हे दिवाळीच्या भेटकार्डावरचं वाक्य आहे. “सुटल्या” हा शब्द बहीण म्हणू शकते, जाऊ म्हणू शकते, पण ज्याने खोलीचं भाडं घेतलं त्याने म्हणू नये. बुकिंगच्या वाक्यामुळे अख्खा निरोप बुकिंगसाठीच लिहिला असं वाटतं. आणि “कोणतीही मदत” म्हणजे काय ते अप्पांनी शोधून काढायचं, मागायचं, वर उत्तरही द्यायचं.

आता अशा निरोपात काय हवं? माझ्या मते खरी जागा एकाच वाक्याला द्यायची असते. गेलेल्या माणसाबद्दल तुमच्याकडे एक लहानशी गोष्ट असते, जी घरच्यांपैकी कुणाकडे नसते. ते माणूस मुंबईत, परक्या जागेत कसं वागायचं ते तुम्ही पाहिलेलं असतं. ती गोष्ट शोधा. लिहायला बसण्याआधी काउंटरवरच्या पोराला, रूमबॉयला, रात्रपाळीच्या माणसाला विचारा, “काकूंचं काय आठवतं?” कुणी म्हणेल, पहाटे पाच वाजता गरम पाणी मागायच्या. कुणी म्हणेल, जिना चढताना दर मजल्यावर थांबायच्या. कुणी म्हणेल, येताना आमच्यासाठी बिबड्या आणायच्या. पहिल्या दोन गोष्टींत आजारपण आहे, त्या सोडा. बिबड्यांची घ्या. आठवण त्या माणसाच्या चांगल्या दिवसाची असावी आणि कुणी मोठ्याने वाचली तरी कुणाला खाली बघावं लागू नये.

निरोप असा होतो:

“अप्पा, काकू गेल्याचं आज कळलं. फार वाईट वाटलं.
दर वेळी येताना त्या आमच्या काउंटरवरच्या पोरांसाठी बिबड्या आणायच्या आणि कोण जेवलं, कोण नाही हे विचारल्याशिवाय वर जायच्या नाहीत. इथे सगळे त्यांची आठवण काढताहेत.
तुमच्या आणि घरच्या सगळ्यांच्या दुःखात आम्ही आहोत.
इकडच्या कुठल्याही गोष्टीची काळजी करू नका. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.”

खाली नाव आणि “दादरचा लॉज”.

बुकिंग, ॲडव्हान्स, बाकी, पिशवी हे सगळं “इकडच्या कुठल्याही गोष्टीची” या तीन शब्दांत आलं आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला ते कळणारही नाही. अप्पांना मात्र नेमकं कळेल. शेवटचं वाक्य ठेवाच. ज्या माणसाला शंभर निरोप आलेत, त्याला एकाचं तरी उत्तर न देण्याची मुभा मिळते.

सुरुवातीला नमस्कार किंवा “सप्रेम नमस्कार वि. वि.” लिहू नका. सुतकात नमस्कार घालत नाहीत, हे गावाकडच्या बऱ्याच घरांत अजून पाळतात. हात जोडलेली, रडणारी चिन्हंही नकोत आणि समई-कमळाच्या चित्रावर छापलेली “भावपूर्ण श्रद्धांजली” तर मुळीच नको. मुंबईच्या नाक्यानाक्यावरच्या फ्लेक्सने त्या दोन शब्दांची पार रया घालवली आहे.

धर्माचा प्रश्न इथे आपोआप सुटतो, कारण वरच्या निरोपात देव, स्वर्ग, आत्मा काहीच नाही. “गेल्याचं कळलं, वाईट वाटलं” हे कुठल्याही घरात चालतं. तरीही काही घालायचं असेल, तर नीट माहीत असेल तरच घाला. बौद्ध घरात कैलासवासी, स्वर्गवासी असं लिहू नये. तिथे कालकथित म्हणतात. मुसलमान पाहुण्याला “ॐ शांती” पाठवणं जितकं विचित्र, तितकंच आपल्याला धड म्हणता न येणारं अरबी वाक्य कुठून तरी उतरवून पाठवणंही विचित्र. आडनावावरून अंदाज बांधून लिहिण्यापेक्षा साधं लिहिलेलं बरं.

व्यापारी पाहुण्याचे वडील गेले असतील आणि तुम्ही त्यांना कधी पाहिलंच नसेल, तर आठवण पाहुण्याच्या बोलण्यातली घ्या: “वडिलांशी बोलल्याशिवाय तुम्ही रात्री जेवायला बसत नव्हतात, ते आम्ही बघत होतो.” तेवढंही नसेल, तर दोन वाक्यांचा निरोप पाठवा आणि थांबा. नसलेली आठवण रचू नका, ती लगेच ओळखू येते.

पैसे आणि पिशवी

ॲडव्हान्सचे दीड हजार आणि बाकीचे आठशे यांचा हिशोब जुळवून सातशे परत पाठवावेत, असं कुणालाही वाटेल. पण तेराव्याच्या आत अप्पांच्या फोनवर लॉजकडून सातशे रुपये आल्याचा आवाज वाजू नये. महिनाभर थांबा. मग एका ओळीत कळवा: “अप्पा, १४ तारखेचं मी रद्द केलं आहे. मागचा हिशोब मिटवला, तुमचे सातशे रुपये माझ्याकडे आहेत. सांगाल तेव्हा पाठवतो.” आठशे सोडून द्यायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. सोडायचे असतील तर गाजावाजा न करता सोडा आणि “तुमच्यासाठी माफ केले” असं लिहू नका. अप्पांसारख्या माणसाला ते लागतं, आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्या लॉजवर उतरतो.

पिशवीचं वेगळं आहे. त्यात फाइल आहे, आणि विम्याच्या दाव्यासाठी किंवा सरकारी योजनेच्या कागदांसाठी ती लागू शकते. म्हणून त्याबद्दल महिनाभर गप्प राहता येत नाही. चार-पाच दिवसांनी मुलाला वेगळा निरोप पाठवा, त्याचा नंबर आधी अप्पांनीच दिलेला असेल तर: “तुमची एक पिशवी आमच्याकडे राहिली आहे, त्यात कागद आहेत. सुरक्षित ठेवली आहे. लागतील तेव्हा सांगा, तुम्ही म्हणाल तसे पाठवतो.” इथेही कागद कसले ते लिहायचं नाही. फाइल उघडायची नाही आणि फोटो काढून पाठवायचे नाहीत. न विचारता कुरिअर तर अजिबात करू नका. दहाव्याच्या आदल्या दिवशी दारात खोकं यावं, आणि ते उघडल्यावर वर चपला दिसाव्यात, हे कुणाच्याही नशिबी येऊ नये. मुलाने कागद मागवले तर फक्त कागद पाठवा आणि बाकीच्या वस्तूंचं काय करायचं ते विचारा. तो “टाकून द्या” म्हणाला तरी दोन-तीन महिने ठेवा. अशा बाबतीत माणसांचं मन बदलतं.

अप्पा परत येतील तेव्हा

येतीलच. रुग्णालयातून काही कागद घ्यायचे असतात, एखादी रक्कम परत मिळायची असते. त्या दिवशी तुम्ही काउंटरवर नसाल, आणि तिथे बसलेला नवा मुलगा आपुलकीने विचारेल, “काय अप्पा, या वेळी काकू नाही आल्या?” म्हणून निरोप पाठवलात त्याच दिवशी तिन्ही पाळ्यांच्या माणसांना सांगा. रात्रपाळीचा माणूस आणि सुट्टीवरून येणारा रूमबॉय हे दोघे नेमके राहून जातात. ड्यूटीच्या वहीत लिहून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या नावापुढे “२ व्यक्ती, पत्नी सोबत” असं आपोआप येत असेल, तर ते बदला. नाहीतर छापील पावतीवरच ते येईल.

फोनवर बुकिंग करतील तेव्हा दुसरी खोली द्या आणि त्याचं कारण सांगत बसू नका. त्यांनी स्वतःच जुनी खोली मागितली तर ती द्या. एकट्याचा दर लावायला विसरू नका. काउंटरवर सगळ्यांनी उभं राहून दुःख व्यक्त करायचं नाही. एकाने, म्हणजे मालकाने, दोन शब्द बोलावेत आणि बाकीच्यांनी नेहमीसारखं वागावं. त्यांना बोलायचं असेल, तर चहा मागवून बसतील. तेव्हा मात्र फोन उचलू नका.

ब्रॉडकास्टच्या यादीत त्यांचा नंबर वर्षभर परत घालू नका. वर्षाच्या आत येणारी पहिली दिवाळी त्या घरात होत नाही, फराळही शेजारून येतो. दिव्यांचं चित्र आणि “खोल्यांवर १५ टक्के सूट” असा मेसेज त्या दिवशी त्या फोनवर जाऊ नये. संपर्कयादीत त्यांच्या नावापुढे महिना आणि साल लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी यादी कोण बनवतंय यावर ते अवलंबून राहणार नाही.